परतावा मिळाला, भरपाईचं काय?

डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात देशातल्या बहुतेक मोठ्या विमानतळांवर एकच चित्र होतं. इंडिगोच्या काउंटरपुढे संपत नसलेल्या रांगा, पट्ट्यांशेजारी रचून ठेवलेल्या बॅगांचे ढीग आणि फलकावर एकाखाली एक ‘रद्द’. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम लागू झाले होते. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास झाली, रात्रीच्या लँडिंगची संख्या कमी झाली आणि कंपनीचं वेळापत्रक सांभाळायला वैमानिक पुरेनात. विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या डीजीसीएच्या चौकशीनुसार ३ ते ५ डिसेंबर या तीन दिवसांतच २,५०७ उड्डाणं रद्द झाली, १,८५२ उशिरा गेली आणि तीन लाखांहून जास्त प्रवासी अडकले.

सरकारने ७ डिसेंबरच्या रात्री आठपर्यंत सगळ्यांचे तिकिटाचे पैसे परत करा, असा आदेश काढला. त्या मुदतीपर्यंत ६१० कोटी रुपये परत गेल्याचं सरकारने जाहीर केलं. खात्यात पैसे जमा झाल्याचा मेसेज आला आणि अनेक घरांत विषय तिथेच मिटला. लग्न चुकलं, मुलाखत हुकली, पण निदान पैसे तरी बुडाले नाहीत, असं समाधान मानलं गेलं.

हे समाधान अपुरं आहे. खात्यात आले ते प्रवाशाचे स्वतःचेच पैसे होते. न दिलेल्या सेवेचे पैसे कंपनीने परत करणं हा परतावा. ऐन वेळी विमान रद्द करून प्रवाशाला जो त्रास दिला, त्यासाठी वरून द्यायची रक्कम ही भरपाई. आपल्याकडच्या नियमांत या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, त्यांच्या अटी वेगळ्या आहेत आणि एक मिळाली म्हणून दुसरीवरचा हक्क संपत नाही. परतावा बहुतेकदा मिळतो, कारण तो सगळ्यांना ठाऊक असतो. भरपाई मात्र मागणाऱ्यालाच मिळते आणि मागायची असते हेच पुष्कळांना माहीत नसतं.

हा हक्क ज्या नियमात आहे, त्याचं नाव ऐकायला रुक्ष आहे. सिव्हिल एव्हिएशन रिक्वायरमेंट्स, सेक्शन ३, सिरीज एम, पार्ट ४. बोलताना त्याला ‘सीएआर’ म्हणतात. डीजीसीएने हा नियम २०१० मध्ये काढला आणि २०१६ मध्ये भरपाईच्या रकमा वाढवल्या. नाव लक्षात ठेवण्याचं कारण पुढे येईलच. तक्रारीत ते लिहिलं की समोरच्या माणसाची उत्तर देण्याची पद्धत बदलते.

विमान रद्द झालं तर नियम आधी घड्याळ पाहतो. कंपनीने प्रवाशाला कधी कळवलं? दोन आठवडे आधी कळवलं, तर दुसरं विमान किंवा पूर्ण परतावा, प्रवाशाला चालेल ते. दोन आठवड्यांपेक्षा कमी पण सुटण्याच्या वेळेआधी किमान २४ तास कळवलं, तरी तेच. भरपाईचा प्रश्न येतो तो २४ तासांची रेषा ओलांडल्यावर. उद्या सकाळी सातचं विमान आहे आणि आज दुपारी तीनला मेसेज आला, तर ती सूचना उशिराची. अशा वेळी नियम म्हणतो की प्रवाशाला मान्य होईल असं पर्यायी विमान द्या, नाहीतर पूर्ण परतावा द्या आणि त्याशिवाय भरपाईही द्या. त्याच कंपनीच्या एकाच तिकिटावरचं पुढचं जोडविमान चुकलं, तर त्या प्रवाशालाही हेच लागू होतं.

रक्कम ठरते प्रवासाच्या वेळेवरून. विमान आपल्या जागेवरून हललं तिथपासून ते उतरून जागेवर थांबेपर्यंतचा हा वेळ असतो आणि तिकिटावरच्या सुटण्याच्या व पोहोचण्याच्या वेळांतल्या फरकावरून तो कळतो. एक तासापर्यंतच्या उड्डाणाला ५,००० रुपये, एक ते दोन तासांच्या उड्डाणाला ७,५०० आणि दोन तासांहून लांबच्या उड्डाणाला १०,००० रुपये. बातम्यांत हेच आकडे येतात आणि तिथेच गैरसमज होतो. नियमात पुढे एक शेपूट आहे: ही रक्कम, किंवा एका बाजूचं मूळ भाडं अधिक इंधन शुल्क, यांपैकी जे कमी असेल ते.

समजा, मुंबई–नागपूर तिकीट ४,८०० रुपयांचं आहे. तिकिटाचं बिल उघडलं की त्यात मूळ भाडं ३,२००, इंधन शुल्क ६०० आणि उरलेले हजार रुपये विमानतळ शुल्क, कर वगैरे, असे भाग दिसतात. हे उड्डाण साधारण दीड तासाचं, म्हणजे ७,५०० च्या गटातलं. पण मूळ भाडं आणि इंधन शुल्क मिळून ३,८०० होतात. हा आकडा लहान, म्हणून भरपाई ३,८०० रुपये. आदल्या रात्री विमान रद्द झालं आणि प्रवाशाने पर्यायी विमान नाकारलं, तर त्याला ४,८०० परतावा आणि ३,८०० भरपाई, असे एकूण ८,६०० रुपये मिळायला हवेत. सात हजार पाचशेची अपेक्षा धरून बसलेला प्रवासी ३,८०० पाहून फसवलं गेल्यासारखा चिडतो आणि बरोबर असलेल्या हिशोबावर भांडत बसतो. उलट ज्याला भरपाईच माहीत नाही, तो ४,८०० घेऊन घरी जातो. दोघांचंही नुकसान होतं, दुसऱ्याचं जास्त.

या नियमातला ‘किंवा’ नीट वाचायला हवा. पर्यायी विमान, किंवा परतावा अधिक भरपाई. म्हणजे कंपनीने दिलेलं दुसरं विमान स्वीकारलं, की रोख भरपाईचा दावा लंगडा होतो. त्यामुळे काउंटरवर विचारलेल्या “उद्या सकाळच्या विमानात बसवू का?” या साध्या प्रश्नाला दिलेलं उत्तर पैशांचा निर्णय असतो. कोणती बाजू निवडावी हे त्या दिवशीच्या भाड्यांवर अवलंबून आहे. भरपाई जुन्या तिकिटाच्या भाड्याला बांधलेली आहे, आज बाजारात नवं तिकीट कितीला पडतं याच्याशी तिचा संबंध नाही. डिसेंबरच्या त्या दिवसांत इतर कंपन्यांची भाडी इतकी चढली की सरकारला मर्यादा घालावी लागली: ५०० किलोमीटरपर्यंत साडेसात हजार आणि १,००० ते १,५०० किलोमीटरच्या टप्प्यासाठी पंधरा हजार रुपये. वरच्या उदाहरणातल्या प्रवाशाला ८,६०० रुपये हातात घेऊन त्याच दिवशी दुसरं तिकीट मिळालंच असतं असं नाही. ज्याला पोहोचायचंच आहे त्याने अशा वेळी पर्यायी विमानाचाच आग्रह धरावा आणि मिळालेलं विमान सोयीचं नसेल तर ते मान्य नसल्याचं स्पष्ट सांगावं. नियमात ‘प्रवाशाला मान्य होईल असं’ हे शब्द आहेत. ज्याचं कामच आता संपलं आहे, त्याने मात्र परतावा आणि भरपाईच घ्यावी.

दुसरं विमान मिळेपर्यंत विमानतळावर थांबलेल्या प्रवाशाला खाणंपिणं देणं कंपनीवर बंधनकारक आहे. तो उपकार नव्हे आणि ते घेतल्याने भरपाईच्या हक्काला बाधाही येत नाही.

विमान रद्द झालेलं नाही, ते वेळेवर उडणार आहे, तिकीट पक्कं आहे, प्रवासी वेळेत आला आहे आणि तरीही त्याला आत घेत नाहीत, ही गोष्ट वेगळी. याला ‘डिनाइड बोर्डिंग’ म्हणतात आणि यासाठीचे नियम कंपन्यांवर जास्त कडक आहेत. याचं एक कारण ओव्हरबुकिंग. काही प्रवासी येतच नाहीत, म्हणून कंपन्या आसनांपेक्षा थोडी जास्त तिकिटं विकतात. सगळे आले की कोणाला तरी थांबवावं लागतं. अशा वेळी कंपनीने आधी स्वखुशीने मागे राहायला तयार असलेल्यांना विचारलं पाहिजे आणि त्यांना काहीतरी मोबदला देऊ केला पाहिजे. कोणीच तयार झालं नाही, तरच कोणाला त्याच्या मर्जीविरुद्ध थांबवता येतं आणि तिथे भरपाई सुरू होते.

मूळ वेळेपासून एका तासाच्या आत सुटणारं दुसरं विमान दिलं, तर काही देणं लागत नाही. तासानंतरचं पण २४ तासांच्या आतलं विमान दिलं, तर मूळ भाडं अधिक इंधन शुल्काच्या दुप्पट, कमाल १०,००० रुपये. २४ तासांनंतरचं दिलं, तर चौपट, कमाल २०,०००. आणि प्रवाशाने दुसरं विमान नकोच म्हटलं, तर पूर्ण परतावा आणि वर चौपट भरपाई, तीही कमाल २०,०००. नागपूरच्या त्याच ४,८०० च्या तिकिटावर हिशोब करून पाहा. दुसऱ्या दिवशी सकाळचं विमान घेतलं तर ३,८०० ची दुप्पट, म्हणजे ७,६०० रुपये भरपाई आणि प्रवासही. विमान नाकारलं तर ४,८०० परतावा आणि १५,२०० भरपाई, म्हणजे वीस हजार रुपये. विमान रद्द होण्याच्या प्रसंगात ‘किंवा’ होता. इथे दुसरं विमान घेतलं तरी भरपाई सुटत नाही.

याचं लख्ख उदाहरण पुण्याच्या प्रवाशांचंच आहे. ६ सप्टेंबर २०२४ च्या संध्याकाळी बंगळुरूहून पुण्याला निघणाऱ्या आकासा एअरच्या उड्डाणासाठी ठरलेलं विमान बिघाडामुळे वापरता येईना. बदली विमान आणलं, तर त्यातली काही आसनं बसण्यालायक नव्हती. सात प्रवाशांना चढू दिलं नाही. कंपनीने त्यांना दुसऱ्या कंपनीच्या विमानाने पुण्याला पाठवलं. पण ते विमान मूळ वेळेपासून एका तासाहून उशिराचं होतं. म्हणजे दुप्पट भरपाईचा नियम सरळ लागू होत होता आणि ती त्या वेळी दिली गेली नाही. प्रकरण डीजीसीएकडे गेलं, त्यानंतर प्रवाशांना पैसे मिळाले आणि डिसेंबर २०२४ मध्ये कंपनीला दहा लाखांचा दंड झाला.

या सात जणांच्या गोष्टीत दोन गोष्टी दिसतात. एक, ‘विमान बिघडलं, आमचा नाइलाज होता’ हे सांगून डिनाइड बोर्डिंगची भरपाई टाळता आली नाही. बिघाड कंपनीच्या विमानात होता, प्रवाशाचा त्यात काही दोष नव्हता. दुसरी, प्रवासी त्याच रात्री घरी पोहोचले होते, तरीही त्यांचा हक्क शाबूत होता. घरी पोहोचलो ना, आता काय भांडायचं, असा विचार करून सोडून देणाऱ्यांनी हे प्रकरण ध्यानात ठेवावं. हे एकट्या आकासाचंही नाही. जून २०२२ मध्ये एअर इंडियालाही पक्कं तिकीट असलेल्या प्रवाशांना चढू न देणं आणि नियमाप्रमाणे भरपाई न देणं यासाठी दहा लाखांचा दंड झाला होता. तेव्हा डीजीसीएने वेगवेगळ्या विमानतळांवर तपासणी केली होती.

दंडाची रक्कम सरकारजमा होते, हे मात्र विसरू नये. जानेवारी २०२६ मध्ये इंडिगोला २२ कोटी २० लाखांचा दंड झाला, तेव्हा ‘बरं झालं’ असं अनेकांना वाटलं. त्या रकमेतला एक रुपयाही प्रवाशांच्या खात्यात येत नाही. प्रवाशाचे पैसे त्याच्या स्वतःच्या दाव्यातूनच येतात.

आता कंपन्यांच्या बाजूने असलेली सगळ्यात मोठी सवलत पाहू. कारण कंपनीच्या हाताबाहेरचं असेल, तर भरपाई द्यावी लागत नाही. पूर, दंगल, राजकीय अस्थिरता, संप, सरकारी आदेश, हवामान, हवाई वाहतूक नियंत्रण, सुरक्षेचा धोका, अशी ही यादी लांब आहे आणि शेवटी ‘कंपनीच्या नियंत्रणाबाहेरचं अन्य कोणतंही कारण’ असा मोकळा दरवाजाही आहे. म्हणूनच एवढ्या दाव्यांना “ऑपरेशनल कारण” असं दोन शब्दांचं उत्तर येतं. प्रवाशाने इथे थांबू नये. ‘ऑपरेशनल’ हे कारणच नव्हे. वैमानिक कमी होते, विमान बिघडलं की धुकं होतं, हे कंपनीने सांगायला हवं. डिसेंबर २०२५ मध्ये वैमानिकांच्या विश्रांतीचे नियम सरकारचेच होते, पण ते टप्प्याटप्प्याने लागू होणार हे महिनोन् महिने आधी ठाऊक होतं. नियोजनातली कमतरता कंपनीची होती आणि सुटण्याच्या वेळेच्या २४ तासांत रद्द झालेल्या उड्डाणांसाठी पाच ते दहा हजारांची भरपाई देण्याचं कंपनीनेही जाहीर केलं. त्यावर ज्यांना फार त्रास झाला त्यांना दहा हजारांची प्रवास व्हाउचर दिली गेली. ती कंपनीने स्वतःहून दिलेली जादा भेट होती, नियमातल्या भरपाईच्या बदल्यातली नव्हे.

धुक्याचं मात्र तसं नाही. दिल्लीहून हैदराबादला जाणाऱ्या एका प्रवाशाचं विमान डिसेंबर २००७ मध्ये धुक्यामुळे तासन् तास लांबलं आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २०११ मध्ये न्यायालयाने धुक्यातल्या उशिरासाठी कंपनीला जबाबदार धरलं नाही आणि खालच्या पातळीवर मिळालेली दहा हजारांची भरपाई रद्द केली. पण अडकलेल्या प्रवाशांची किमान सोय करणं, त्यांना खाणंपिणं देणं हे कंपनीचं कर्तव्य आहे, हेही त्याच निकालात सांगितलं. हवामान भरपाईची वाट बंद करतं. परताव्याची आणि जेवणाची वाट मात्र उघडीच राहते.

मग सांगितलेलं कारण खरं की खोटं, हे प्रवाशाने ओळखायचं कसं? त्याच तासात त्याच विमानतळावरून इतर कंपन्यांची विमानं उडत होती का, हे पाहावं. हवामानाचं कारण सांगणाऱ्या कंपनीचं एकच विमान रद्द आणि शेजारच्या दोन कंपन्या वेळेवर, असं असेल तर प्रश्न विचारायला जागा आहे. विमानतळावरच्या फलकाचा वेळ दिसेल असा फोटो काढून ठेवावा. विमानांची ये-जा दाखवणाऱ्या संकेतस्थळांवर त्या दिवसाची नोंद मिळते, तिचाही स्क्रीनशॉट घ्यावा. यातलं काहीच अंतिम पुरावा नव्हे, कारण आपलं विमान ज्या गावाहून येणार होतं तिथे धुकं असू शकतं. पण कंपनीला नेमकं उत्तर द्यायला भाग पाडायला एवढं पुरतं.

उशिराबद्दल थोडक्यात. नुसत्या उशिराला या नियमात रोख भरपाई नाही. देशांतर्गत विमान सहा तासांहून जास्त उशिरा जाणार असेल, तर दुसरं विमान किंवा पूर्ण परतावा मागता येतो. उशीर चोवीस तासांच्या पलीकडे गेला, किंवा रात्री आठ ते पहाटे तीन या वेळात सुटणारं विमान सहा तासांहून जास्त लांबलं, तर हॉटेल आणि तिथवर ने-आण कंपनीने करायची.

दावा करायचा म्हणजे विमानतळावरूनच सुरुवात करायची. तिथल्या कर्मचाऱ्याशी हुज्जत घालून काही साधत नाही, त्याच्या हातात पैसे देण्याचा अधिकार बहुधा नसतो. त्याच्याकडून एकच गोष्ट घ्यावी: विमान रद्द झाल्याचं किंवा प्रवेश नाकारल्याचं कारणासह लेखी पत्र. दिलं नाही, तर त्याच काउंटरवर उभं राहून कंपनीच्या ग्राहकसेवेला ई-मेल पाठवावा, म्हणजे आपण वेळेत हजर होतो याची नोंद होते. डिनाइड बोर्डिंगमध्ये ही नोंद फार मोलाची, कारण कंपनीचा नेहमीचा बचाव ‘प्रवासी उशिरा आला’ हाच असतो. वेब चेक-इनचा मेसेज, बोर्डिंग पास, बॅग दिल्याची पावती यांवर वेळ छापलेली असते. ते टाकून देऊ नये.

घाईत दोन चुका सर्रास होतात. विमान बहुधा रद्दच होणार असं वाटून प्रवासी ॲपवर स्वतःच ‘कॅन्सल’ दाबतो. मग ते रद्दीकरण प्रवाशाच्या बाजूचं ठरतं, शुल्क कापलं जातं आणि भरपाईचा प्रश्नच उरत नाही. कंपनीचा रद्द झाल्याचा मेसेज येईपर्यंत थांबावं. दुसरी चूक तिकीट काढतानाची. एजंटने तिकिटावर स्वतःचाच फोन नंबर टाकलेला असतो. कंपनी त्या नंबरवर वेळेत मेसेज पाठवते, तो प्रवाशापर्यंत पोहोचत नाही आणि पुढे कंपनी बिनदिक्कत म्हणते की आम्ही कळवलं होतं. संपर्काचा पुरेसा तपशील न देणाऱ्या प्रवाशाला भरपाई नाही, असं नियमातच आहे. तिकीट हातात आलं की त्यावर स्वतःचा नंबर आहे का, एवढं पाहिलं तरी पुढचं रामायण टळतं.

कंपनीला लिहायच्या तक्रारीत हकिकत लांबवू नये. पीएनआर, उड्डाण क्रमांक, तारीख, सुटण्याची मूळ वेळ, रद्द झाल्याचा मेसेज कधी आला ती वेळ, कंपनीने सांगितलेलं कारण आणि मागणीचा आकडा कसा काढला ते एका ओळीत. सोबत तिकीट, मेसेजचा स्क्रीनशॉट आणि बँक खात्याचा तपशील. आणि हे एक वाक्य अवश्य असावं: “सीएआर सेक्शन ३, सिरीज एम, पार्ट ४ नुसार मला पूर्ण परतावा आणि इतके रुपये भरपाई मिळावी.” भरपाई रोख किंवा बँकेतून द्यायची असते. व्हाउचर द्यायचं असेल तर प्रवाशाची सहीनिशी संमती लागते. फोनवर “वॉलेटमध्ये टाकतो” असं सांगितलं, तर नको म्हणण्याचा हक्क आहे. परताव्याचंही तसंच, तो पुढच्या प्रवासासाठी कंपनीकडे ठेवायचा की नाही हे प्रवासी ठरवतो. क्रेडिट कार्डने तिकीट काढलं असेल तर परतावा सात दिवसांत मिळायला हवा. एजंटकडून काढलं असलं तरी जबाबदारी कंपनीचीच राहते, कारण एजंट तिचा प्रतिनिधी असतो. ‘आमच्याकडून गेले, एजंटला विचारा’ हे उत्तर मानू नये.

ग्राहकसेवेने झिडकारलं, तर प्रत्येक कंपनीने नेमलेल्या नोडल अधिकाऱ्याकडे आणि त्यानंतर अपील अधिकाऱ्याकडे जायचं. दोघांचे पत्ते कंपनीच्या संकेतस्थळावर असतात. तिथेही काही झालं नाही, तर नागरी हवाई वाहतूक मंत्रालयाचं एअरसेवा हे पोर्टल आहे, airsewa.gov.in या पत्त्यावर आणि ॲपवरही. तिथली तक्रार कंपनीकडे मंत्रालयाच्या नोंदीसह जाते. मात्र एअरसेवा हे न्यायालय नव्हे. कंपनीने चुकीचं कारण देऊन तक्रार बंद करवली, तर ती पुन्हा उघडण्याचा आग्रह धरावा. सोबत राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावरही नोंद करता येते.

जी मुलं युरोपात शिकतात किंवा नोकरी करतात, त्यांच्या आईवडिलांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. युरोपीय संघातल्या विमानतळावरून सुटणाऱ्या कोणत्याही कंपनीच्या विमानाला, ती भारतीय असली तरी, तिथला नियम लागू होतो. फ्रँकफर्ट–मुंबईसारख्या लांबच्या उड्डाणाला तिथे ६०० युरोपर्यंत भरपाई आहे, म्हणजे आपल्या नियमातल्या सर्वांत मोठ्या रकमेहूनही कितीतरी जास्त. भारतीय कमाल रकमा २०१६ पासून तशाच आहेत, त्या वाढवायला हव्यात, हे इथे सांगायलाच हवं.

सगळे दरवाजे बंद झाल्यावर ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने प्रवाशाचं काम पुष्कळ सोपं केलं आहे. तिकिटावर ‘वाद फक्त दिल्लीच्या न्यायालयात’ असं छापलेलं असलं तरी प्रवासी जिथे राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते. लातूरच्या माणसाने लातूरला, रत्नागिरीच्या माणसाने रत्नागिरीला. नियमातल्या भरपाईपलीकडचं नुकसानही इथे मागता येतं: बुडालेलं हॉटेलचं आरक्षण, ऐन वेळी काढलेलं महागडं तिकीट, मानसिक त्रास. त्या प्रत्येकाची पावती मात्र लागते. मिळेलच याची हमी नाही, कंपनीचा हलगर्जीपणा दाखवता आला तर आयोग विचार करतो आणि निकालाला वेळ लागतो. प्रसंग घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल व्हायला हवी. म्हणजे त्या डिसेंबरातल्या रद्द उड्डाणांसाठी ही मुदत डिसेंबर २०२७ पर्यंत आहे.

तक्रार e-jagriti.gov.in वर घरबसल्या नोंदवता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि वकील लावायलाच हवा असंही नाही. ज्यांच्याकडे जुन्या रद्द विमानाचा मेसेज अजून फोनमध्ये आहे, त्यांनी आधी त्याची वेळ पाहावी, सुटण्याच्या वेळेशी ताडून पाहावी आणि अंतर चोवीस तासांपेक्षा कमी निघालं तर कंपनीला आजच ई-मेल लिहावा.